नुसतंच ‘अपॉइंटमेंट’ : सात महिन्यांच्या वापरानंतर

जळगावातल्या एका दाताच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते. डॉक्टर मॅडम बुधवारी चोपड्याला बसतात, बाकीचे दिवस इथे. सात महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं. तेव्हापासून सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका शब्दाच्या मेसेजनं: ‘अपॉइंटमेंट’. ना नाव, ना तारीख, ना गाव.

सुरुवातीला आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या मेसेजमध्ये मी नाव, वय, त्रास, तारीख, वेळ असं सगळंच विचारलं होतं. लोक वाचायचे आणि गप्प व्हायचे. दिवसभर कापूस वेचून आलेला माणूस रात्री एवढं टाइप करत बसणार नाही. मग मी फक्त ‘कधी येता?’ विचारू लागले, आणि त्यातूनच मोठी चूक झाली.

मंगळवारी रात्री एकानं ‘अपॉइंटमेंट’ पाठवलं. कधी? ‘उद्या सकाळी’. मी ‘अकराला या’ लिहून मोकळी झाले. मेसेज करणारा मुलगा पुण्यात होता, दात आईचा दुखत होता आणि आई चोपड्याजवळच्या खेड्यात. मॅडम चोपड्यात बसल्या होत्या आणि त्या माऊली एसटीनं जळगावला येऊन आमच्या बंद दारासमोर उभ्या. अजून आठवलं की वाईट वाटतं.

आता स्वागताच्या मेसेजात प्रश्न एकच: ‘नवीन अपॉइंटमेंट हवी की ठरलेली बदलायची?’ त्याखाली एक ओळ: गाल सुजला असेल किंवा रक्त थांबत नसेल तर लगेच फोन करा. नवीन असेल तर पुढं विचारते, पेशंट कोण आणि कुठून येणार. गाव कळलं की ठिकाण ठरतं, ठिकाणावरून वार ठरतो, म्हणून तारीख शेवटी. तीही मी विचारत नाही, दोन पर्याय सुचवते. लोक लगेच एक निवडतात, बहुतेक एसटीच्या वेळेवरून.

एक गोष्ट उशिरा कळली. स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, किंवा 14 दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल तर. रूट कॅनलचा पेशंट आठवड्यात परत लिहितो, त्याला तो जातच नाही. आणि त्याच्या ‘अपॉइंटमेंट’चा अर्थ बहुतेक वेळा ‘माझी वेळ बदला’ असा असतो. त्यासाठी तोच प्रश्न क्विक रिप्लायमध्ये `/navi` नावानं ठेवलाय. तो मात्र हातानंच पाठवावा लागतो.

शेवटच्या मेसेजात ‘उद्या’ कधीच लिहीत नाही. रात्री पाठवलेलं सकाळी वाचलं तर उद्याचा परवा होतो. पेशंटचं नाव, वार, तारीख, वेळ, ठिकाण, सगळं एका ओळीत.

परवा एका ‘अपॉइंटमेंट’ला `/navi` पाठवलं तर उत्तरादाखल व्हॉइस नोट आली: ‘मायना दात दुखस.’ मी विचारलं, माय कोणत्या गावाला आहे?