लिक्विडिटी लॉक होती, तरी माझे पैसे गेले

डेक्सवर, म्हणजे मधल्या कंपनीशिवाय चालणाऱ्या क्रिप्टो एक्सचेंजवर, नवीन टोकन घेणाऱ्यांसाठी लिहितोय. "लिक्विडिटी लॉक आहे, रग पुल होऊच शकत नाही" असं ग्रुपमध्ये कोणी सांगितलं तर आधी हे वाचा. रग पुल म्हणजे टोकन काढणारा लोकांचे पैसे घेऊन पळतो ते. मला सांगितलं गेलेलं ते वाक्य खरं होतं आणि तरीही माझे १००० यूएसडीसी, म्हणजे डॉलरला बांधलेली नाणी, गेले.

आधी थोडं गणित, त्याशिवाय खेळ कळणार नाही. नेहमीच्या एक्सचेंजवर ऑर्डर बुक असतं, म्हणजे तुम्ही विकायला गेलात की समोर कोणीतरी त्या भावाला घ्यायची ऑर्डर लावलेली असावी लागते. डेक्सवर असं कोणी समोर नसतं. तिथे एक पूल असतो, त्यात दोन्ही नाणी पडलेली असतात, त्यालाच लिक्विडिटी म्हणतात, आणि भाव फॉर्म्युला ठरवतो. २०१८ मध्ये युनिस्वॅप आलं तेव्हापासून गाजलेला साधा फॉर्म्युला हा:

```
x * y = k
```

एका नाण्याची संख्या गुणिले दुसऱ्याची संख्या, हा गुणाकार बदलायचा नाही. एक नाणं आत टाकलं की दुसरं त्या हिशोबाने बाहेर येतं.

आमच्या पूलमध्ये सुरुवातीला टोकन काढणाऱ्याने १० लाख टोकन आणि १०,००० यूएसडीसी टाकले, म्हणजे भाव ०.०१. मी लवकर शिरलो, १००० टाकले आणि साधारण ९०,९०० टोकन मिळाले. (०.३ टक्के फी इथे सोडून देतोय, नाहीतर आकडे किचकट होतात.) सरळ भावाने १ लाख यायला हवे होते, पण माझ्याच खरेदीने भाव वर सरकत गेला, त्यात चोरी काही नाही, फॉर्म्युलाच तसा आहे. मग लोक घेत गेले आणि पूलमध्ये ४०,००० यूएसडीसी अन् २.५ लाख टोकन उरले. भाव ०.१६ आणि माझ्या वॉलेटमध्ये चक्क साडेचौदा हजार दिसायला लागले!

आता गंमत बघा, तो आकडा त्या दिवशीही खोटाच होता. मी सगळे विकले असते तर हातात सुमारे १०,६६७ आले असते, कारण विकता विकता भाव खाली येतो. आणि ते मार्केट कॅप म्हणून १६ लाख दाखवत होते ना, ते म्हणजे एकूण १ कोटी टोकन गुणिले ०.१६. पूलमध्ये खरा पैसा ४०,०००च. सगळ्यांना मिळून त्याच्यापेक्षा एक पैसा जास्त मिळणार नव्हता.

लॉकचं काय ते सांगतो. पूलमध्ये पैसे टाकणाऱ्याला एलपी टोकन मिळतात, ती पावती दाखवून तो आपला हिस्सा कधीही काढून घेऊ शकतो, आणि नेहमीचा रग पुल असाच होतो. आमच्या माणसाने ती पावती खरंच लॉक कॉन्ट्रॅक्टमध्ये टाकलेली, लिंक पण दिली, मी उघडून बघितली, एक वर्षाचं लॉक. पण १ कोटीतले ९० लाख टोकन पूलच्या बाहेर होते आणि ते त्याच्याकडेच होते. एका रात्री त्याने ते पूलमध्ये ओतले. आत ९२.५ लाख टोकन झाले, गुणाकार तोच ठेवायचा म्हणून यूएसडीसी उरले १,०८१. बाकीचे ३८,९०० त्याचे. स्वतःचे घातलेले १०,००० वजा करा, तरी २८,९०० सुटले. पूल अजून लॉक आहे, बसा बघत.

ऑर्डर बुकवर एवढा माल टाकला असता तर घेणारे संपले की उरलेला तसाच पडून राहिला असता. पूल मात्र कधीच नाही म्हणत नाही, भाव कितीही पडला तरी घेतच राहतो, आणि देतो ते आमचेच पैसे. भाव पडताना मी विकायला गेलो तर स्लिपेज, म्हणजे दाखवलेल्या भावापेक्षा किती कमी चालेल ती मर्यादा, १ टक्का ठेवलेलं म्हणून व्यवहार फेल, गॅस म्हणजे नेटवर्कची फी मात्र गेली. नंतर बघितलं तर त्याच ९०,९०० टोकनचे साडेदहा यूएसडीसी येत होते.

हे आधी दिसतं का? दिसतं. एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, टोकनचं Holders पान उघडा. पूलच्या पत्त्यावर एकूण मालापैकी किती टक्के आहे ते बघा, आमच्यात त्याने माल ओतायच्या आधी अडीच टक्के होते. बाकीचा माल एका पत्त्यावर नसतो हां, लहान लहान वॉलेटमध्ये वाटलेला असतो म्हणजे लोकांनी घेतल्यासारखा वाटतो. म्हणून त्यातले दोन-चार पत्ते उघडून टोकन कुठून आले बघा. खऱ्या खरेदीदाराकडे ते पूलमधून आलेले असतात, इथे थेट टोकन बनवणाऱ्याच्या पत्त्यावरून ट्रान्सफर झालेले. शिवाय कॉन्ट्रॅक्टमध्ये mint फंक्शन आहे का आणि ते कोणाच्या हातात आहे तेही बघा, ते असेल तर ९० लाख आधीपासून ठेवायचीही गरज नाही, हवे तेव्हा छापता येतात.

आणि आत असाल तर वॉलेटमधला आकडा बघू नका, स्वॅपच्या खिडकीत आपले सगळे टोकन टाकून किती येतात ते बघा, कन्फर्म न करता.