बीएसएस138 चं लेव्हल शिफ्टर बोर्ड: सात महिन्यांचा अनुभव

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत मी अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला आहे. सेन्सरचं बोर्ड 5 व्होल्टवर चालतं आणि सहा मीटर खाली जिन्यात असलेला ईएसपी32 3.3 व्होल्टवर. सुरुवातीला मी सेन्सरचा इको थेट पिनला जोडला होता. या चिपच्या पिनला 3.6 व्होल्टच्या वर चालत नाही हे वाचलं होतं, पण दोन महिने पातळी बरोबर दिसत राहिली, म्हणून तसंच ठेवलं. खूण मात्र आधीपासून समोर होती: ईएसपीचा पुरवठा बंद केला तरी त्याचा लाल दिवा मंद पेटलेला असायचा, कारण सेन्सरचे 5 व्होल्ट पिनमधल्या डायोडमधून आत शिरत होते. एक दिवस ती पिन हाय अवस्थेतच अडकली, तार काढली तरी.

मग तपकीर गल्लीतून चार चॅनेलचं बोर्ड आणलं. प्रत्येक चॅनेलला एक मॉसफेट आणि दोन्ही बाजूंना 10 किलोओहमचे पुल-अप असतात. सेन्सर 5 व्होल्ट देतो तेव्हा मॉसफेट बंद होतो आणि पिनला फक्त 3.3 च्या पुल-अपचा व्होल्टेज मिळतो. ईएसपी बंद असतानाही 5 व्होल्ट पलीकडे जात नाहीत. तो दिवा आता पूर्ण विझतो.

फसलो ते पिनच्या संरक्षणात. गच्चीवरून येणाऱ्या तारेवर धक्का आला तर करंट मर्यादित राहावा म्हणून शिफ्टरच्या 5 व्होल्टच्या बाजूला 1 किलोओहमचा रेझिस्टर घातला. त्यानंतर पंप सुरू होताना आकडे उड्या मारू लागले. इको लो असताना ईएसपीच्या पिनवर मीटर लावला तर 0.7 व्होल्ट! सेन्सर लाइन खाली ओढतो तेव्हा दोन्ही पुल-अपचा करंट याच रेझिस्टरमधून जातो. हिशेब असा:

```
V = 1k × ((5-V)/10k + (3.3-V)/10k)
V ≈ 0.69
```

ईएसपी32 0.25 × 3.3, म्हणजे साधारण 0.82 व्होल्टपर्यंतच लो मानतो. इतक्या काठावर पंपाचा थोडा गोंगाटही पुरतो. 220 ओहमचा रेझिस्टर लावल्यावर तेच 0.17 व्होल्टवर आलं आणि आकडे स्थिर झाले. संरक्षण त्या मानाने कमी झालं, म्हणून तारेच्या टोकाशी 5 व्होल्टचा टीव्हीएस डायोडही जोडला. पावसाळा त्यावर निघाला.

एकच इको लाइन असेल तर मी आता हे बोर्ड घेणार नाही. 10 आणि 20 किलोओहमचा डिव्हायडर 5 चे 3.33 व्होल्ट करतो, आणि सेंटीमीटरला 58 मायक्रोसेकंद लागतात तिथे त्याचा उशीर नगण्य असतो. आयटूसीसाठी मात्र हेच घ्यावं, कारण तिथे लाइन दोन्हीकडून ओढली जाते. वेगवान एसपीआय डिस्प्लेला 10 किलोओहमचे पुल-अप फार संथ पडतात. तिथे मी 5 व्होल्टवर चालणारी 74एचसीटी125 वापरतो, ती 2 व्होल्टच्या वरचं सगळं हाय मानते.