ग्राहकांची यादी: कुलूप लावलेली फाइल की क्लायंटच्याच खात्यातली शीट?

क्लायंट ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि पत्ते असलेली शीट पाठवणार असेल, तर ती घ्यायचे धड म्हणावेत असे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे पासवर्ड लावलेली फाइल आपल्याकडे मागवायची आणि आपल्याच मशीनवर काम करायचं. दुसरा म्हणजे शीट क्लायंटच्या गूगल खात्यातच राहू द्यायची आणि आपण तिथे पाहुण्यासारखं जाऊन काम करायचं. मेलला जोडलेली उघडी फाइल या तुलनेत धरलेलीच नाही.

आधी कुलूपवाल्या फाइलबद्दल. एक्सेलमध्ये File, Info, Protect Workbook, Encrypt with Password या वाटेने लावलेला पासवर्ड चांगला भक्कम असतो. आख्खी फाइल कूटबद्ध होते, आणि पासवर्ड लांब व वेगळ्या मार्गाने कळवलेला असेल, म्हणजे फाइल मेलवर आणि पासवर्ड फोनवर, तर वाटेत कुणी फाइल उचलली तरी तिचा उपयोग शून्य. गडबड होते ती शेजारच्याच Protect Sheet मुळे. तोही पासवर्ड मागतो, त्यामुळे क्लायंटला वाटतं की काम झालं. पण त्याने फक्त सेल बदलण्यावर बंदी येते, मजकूर जसाच्या तसा उघडा राहतो. ओळखायची खूण सोपी: फाइल उघडतानाच पासवर्ड विचारला तर कुलूप खरं. फाइल बिनबोभाट उघडली आणि टाइप करताना अडवलं, तर ते नुसतं कुंपण.

एकाहून जास्त फाइली असतील तर सेव्हन-झिप बरं पडतं. साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात, आणि नावात क्लायंटचं आणि शहराचं नाव असेल तर तेवढंही पुरेसं बोलकं असतं. खालच्या कमांडने नावंही झाकली जातात, पासवर्ड ती स्वतः विचारते:

```
7z a -p -mhe=on yadi.7z yadi.xlsx
```

इथवर कुलूपवाली फाइल शहाणी दिसते. इंटरनेट लागत नाही, मोठी शीट झटकन फिरते, शिवाय क्लायंटला नवीन काही शिकवावं लागत नाही. माझं मन तिच्यावरून उडालं ते मात्र एकाच कटकटीमुळे. काम संपल्यावर क्लायंट विचारतो, "आमचा डेटा पुसला ना?" आणि याला सरळ "हो" म्हणता येत नाही.

कारण फाइल कुलपात असते, काम कुलपाबाहेर होतं. एसएमएसच्या किंवा लेबल छापायच्या सॉफ्टवेअरला सीएसव्ही लागते, आणि सीएसव्हीला स्वतःचा पासवर्ड लावायची सोयच नसते. म्हणून एक उघडी प्रत तयार होते. ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की फोन नंबर आकडे समजले जातात: सुरुवातीचं शून्य गळतं, देशाच्या कोडसकट असलेला बारा अंकी नंबर 9.19877E+11 असा दिसायला लागतो. तशीच सेव्ह केली तर दिसतंय तेच लिहिलं जातं आणि उरलेले अंक कायमचे जातात. मग क्लायंटकडे फाइल पुन्हा मागायची, म्हणजे आणखी एक प्रत. पहिली मेलमध्ये, दुसरी डाउनलोड्समध्ये, तिसरी क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये, चौथी त्याच क्लाउडच्या कचरापेटीत, पाचवी बॅकअपमध्ये. मूळ फाइलचं कुलूप शाबूत आहे, पण ते आता कशाचंच रक्षण करत नाही. एसएसडीवर तर पुसलेल्या फाइलवर नवीन मजकूर लिहून ती नक्की मोडली असंही म्हणता येत नाही, कारण ड्राइव्ह नवीन मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते. हा मार्ग घ्यायचाच असेल तर फाइल येण्याआधी आख्खी डिस्क बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टने कूटबद्ध हवी. नंतर करून आधीच्या प्रतींची खात्री मिळत नाही.

क्लायंटच्या खात्यातल्या शीटचे दोष वेगळे आहेत आणि तेही लहान नाहीत. सर्वात मोठा म्हणजे घाई. ऑफिसातल्या एकाला शीट उघडत नाही, म्हणून कुणीतरी General access मध्ये Restricted चं Anyone with the link करून टाकतं, आणि ते परत फिरवायचं राहून जातं. तपासायला खाजगी विंडो उघडून लिंक टाकायची. लॉगिन मागितलं तर ठीक, शीट समोर आली तर त्याच क्षणी क्लायंटला कळवायचं. शेअरच्या चौकटीतल्या गिअरच्या चिन्हात पाहणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येते, तीही बंद करून घ्यावी. ही बंदी एडिटरना लागू नसते आणि स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कुणीच अडवू शकत नाही, एवढं ध्यानात ठेवून.

दुसरा दोष म्हणजे लपवण्यावरचा विश्वास. कॉलम लपवले की गेले असं वाटतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या एका अर्जाला उत्तर म्हणून शीट दिली, तिच्यात लपवलेल्या टॅबमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास अधिकारी-कर्मचाऱ्यांची माहिती होती, आणि ती इंटरनेटवर गेली. कॉलम पुसून टाकले तरी गूगल शीटच्या Version history मध्ये ते एडिटरला दिसतात. एक्सेलमध्ये मूळ टॅब पुसून फक्त पिव्हट ठेवलं, तरी पिव्हटच्या साठ्यात सगळ्या ओळी राहू शकतात. बेरजेवर डबल-क्लिक केलं की नाव-पत्त्यांसकट नवीन टॅब उघडतो. म्हणून दोन्ही मार्गांना नियम एकच: नको असलेलं लपवायचं नाही, पुसायचं नाही, नव्या कोऱ्या फाइलमध्ये फक्त हवं तेवढंच न्यायचं.

आणि "हवं तेवढं" बहुतेक वेळा फारच थोडं असतं. समजा चार हजार ऑर्डरींची शीट आहे: नाव, पत्ता, फोन, पिनकोड, तारीख, रक्कम. काम आहे भागानुसार विक्री काढणं आणि एकच ग्राहक किती वेळा आला ते मोजणं. यातलं नाव आणि पत्ता लागतच नाही. फोन लागतो तो फक्त "हा आणि तो एकच" हे ओळखायला, म्हणजे खरा नंबर नको, त्याच्या जागी कुठलाही एकसारखा क्रमांक चालेल. हे क्लायंटनेच आपल्या मूळ शीटमध्ये करायचं. फोन C कॉलममध्ये असेल तर H2 मध्ये नंबर स्वच्छ करायचा आणि I2 मध्ये तो नंबर पहिल्यांदा कुठे आला ते काढायचं, मग दोन्ही खाली ओढायचे:

```
=RIGHT(REGEXREPLACE(C2&"","[^0-9]",""),10)
=IF(H2="","",MATCH(H2,H$2:H$4001,0))
```

पहिल्या सूत्रामुळे +, मोकळ्या जागा, डॅश आणि पुढचा देशाचा कोड निघून शेवटचे दहा अंक उरतात. तुमच्या यादीत नंबरांची लांबी वेगळी असेल तर 10 बदला. दुसऱ्यातलं IF विसरू नये, नाहीतर फोन नसलेल्या साऱ्या ओळी मिळून एकच फार निष्ठावान ग्राहक तयार होऊ शकतो. नंबर देवनागरी आकड्यांत टाइप केलेले असतील तर हे सूत्र ते गाळून टाकतं, म्हणून H कॉलममध्ये दहापेक्षा कमी अंक कुठे आहेत ते आधी पाहून घ्यावं.

इथे कुणी सुचवतं की फोनचा हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने नंबरापासून बनवलेला सांकेतिक मजकूर, काढून द्या. दहा अंकी नंबरांच्या शक्यता फार तर हजार कोटी. साधा हॅश असेल तर सगळे नंबर एकेक करून हॅश करत मूळ नंबर शोधणं साध्या कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं आहे. ओळीचा क्रमांक मात्र मूळ शीट हातात असल्याशिवाय कुठेच नेत नाही.

मग क्लायंट नवीन शीट उघडतो, तिच्यात ग्राहक क्रमांक, पिनकोड, तारीख आणि रक्कम एवढे चार कॉलम Paste special मधल्या Values only ने चिकटवतो आणि तीच शीट आपल्याला शेअर करतो. चिकटवण्याऐवजी दुसऱ्या शीटमधून मजकूर ओढणारं IMPORTRANGE सूत्र वापरायचा मोह होतो, कारण त्याने आकडे आपोआप ताजे राहतात. तो टाळावा असं माझं मत आहे. दोन शीट जोडायची परवानगी एकदा दिली की नव्या शीटचा कुठलाही एडिटर सूत्रातली रेंज बदलून मूळ शीटमधला फोनचा कॉलमही ओढू शकतो. परवानगी आख्ख्या शीटला मिळते, चार कॉलमांना नाही.

पिनकोडबद्दल एक सावधगिरी. एखाद्या पिनकोडमध्ये दोन-तीनच ग्राहक असतील तर तारीख आणि रक्कम पाहून ओळखीचा माणूस त्यांना ओळखेल. असे पिनकोड क्लायंटनेच "इतर" मध्ये टाकून द्यावेत.

काही कामांत खरे फोन आणि पत्ते लागतातच, जसं पार्सलची लेबलं छापणं. तिथे मी कुलूपवाल्या फाइलला नाही म्हणणार नाही: फक्त त्या दिवशी जाणाऱ्या ओळी, नाव-पत्ता-फोन सोडून बाकी काही नको, आणि क्लाउडशी न जुळणाऱ्या एकाच फोल्डरमध्ये. उघडी सीएसव्हीही तिथेच बनवायची आणि तिथेच पुसायची. क्लायंटकडे इंटरनेट रखडत असेल किंवा शीट फारच जड असेल, तरीही हाच मार्ग सोयीचा ठरेल. पण मोजणी, गटवारी, दुरुस्ती, अहवाल अशा कामांना क्लायंटच्या खात्यातली शीटच मला उजवी वाटते, कारण काम संपताना तिथे प्रती शोधत बसावं लागत नाही. क्लायंट शेअरच्या यादीतून आपलं नाव काढतो, आपण आपल्या खात्यातून लिंक उघडून पाहतो, आणि परवानगी मागणारं पान दिसलं की त्याला तसं लिहून कळवता येतं. त्यात एकच अट: मधल्या काळात शीटची प्रत आपल्या ड्राइव्हमध्ये केलेली नसावी. म्हणून काढून टाकायला सांगण्याआधी आपल्या ड्राइव्हमध्ये Copy of ने सुरू होणारं काही आहे का ते शोधून घ्यावं आणि असेल तर कचरापेटीतूनही पुसावं.