नागपूरच्या उन्हात फ्रिज: इन्व्हर्टर की साधा?

साध्या कॉम्प्रेसरला दोनच गोष्टी येतात: पूर्ण वेगाने चालणं किंवा बंद राहणं. सुरू होताना रिलेची ‘टक्’ आणि थांबताना फ्रिजला बसणारा हिसका रात्री नक्की ऐकू येतो. इन्व्हर्टर मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. तो बराच वेळ, पण हळू चालतो, म्हणून मंद गुणगुण सुरूच असते. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत हा फरक कुणाला कळणार म्हणा!

खरी बचत हळू चालण्यात आहे. पण पारा ४५ अंशांवर गेला, दार सतत उघडलं, की इन्व्हर्टरही जोरात पळतो आणि बचत आटते. हिवाळ्यात ती पुन्हा दिसते.

समजा, दोन फ्रिजच्या लेबलवर वर्षाला ६० युनिटांचा फरक आहे. १० रुपये दराने ६०० रुपये वाचतात. इन्व्हर्टर ३,००० रुपयांनी महाग असेल तर वसुलीला पाच वर्षं लागतील. मध्येच त्याचं कंट्रोल बोर्ड जळलं, तर हिशेब बिघडतो. साध्याचा रिले मात्र स्वस्तात बदलतो. भाड्याच्या खोलीत दोन वर्षं राहायचं असेल, तर मी साधाच घेईन.