७५० वॅटचा मिक्सर: वाटणाला झकास, वर्षाच्या चटणीला नको

पावसाळ्यात घेतलेला हा तीन भांड्यांचा मिक्सर खरा कळला तो उन्हाळ्यात, गल्लीत मिरच्या वाळत पडल्या तेव्हा. चार-पाच माणसांच्या घरात रोजचं वाटण करायचं असेल तर बिनधास्त घ्या. वर्षाची कांदा-लसूण चटणी यातच करायचा बेत असेल, तर पैसे वाया जातील.

आधी चांगलं. तांबड्या रश्शाचं वाटण, म्हणजे भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर, मधल्या भांड्यात गंधासारखं होतं. पांढऱ्या रश्शाची खसखस मात्र तिथं घालू नका. इतके बारीक दाणे मोठ्या भांड्यात पात्याखाली येतच नाहीत, कडेला उडून चिकटतात. अर्धा तास भिजवायची, काजूबरोबर लहान भांड्यात घ्यायची आणि पाणी चमच्याचमच्यानं. वाटण गरम असताना फिरवलं तर वाफेनं झाकण उडतं, आणि मग ओट्यामागची भिंत पुसत बसा!

आता चटणी. मुद्दाम बघायचं म्हणून एक किलो मिरची घेतली. देठ काढून, कडक वाळवून, थोडी थोडी घातली. पहिले दोन-तीन घाणे छान निघाले. पुढं भांड्याचा तळ हाताला चटके देऊ लागला, जळकट वास आला आणि मिक्सर बंद पडला. बिघाड नव्हता, मोटारीवर ताण आला की आतला स्विच तिची वीज तोडतो. थंड होऊ द्यायचा आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबायचं, पुन्हा चालू होतो. पण अशा थांब्यांत दुपार गेली. भाजलेलं खोबरं घातल्यावर तर तेल सुटून पात्याखाली लगदाच बसला, वरचं नुसतंच फिरत राहिलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उरलेलं डंकावर देऊन ये जा की." दिलं. डंकावर कुटलेली चटणी मोकळी आली, मिक्सरची गोळ्या धरून बसली.

आवाज मोठा आहे. पहाटे डब्याची घाई असणाऱ्यांनी वाटण रात्रीच करून ठेवावं, निदान शेजाऱ्यांसाठी.

इतक्या महिन्यांत झीज दिसली ती भांडं जिथं बसतं त्या कपलरची. खाली काळा भुगा पडायला लागला आणि भांडं खडखडू लागलं की तो बदलायचा, नाहीतर दाते घासून पातं फिरेनासं होतं. भाग किरकोळ किमतीचा, पण प्रत्येक कंपनीचा वेगळा. घेण्याआधी आपल्या भागातल्या दुरुस्तीवाल्याकडं त्या मॉडेलचा कपलर मिळतो का, तेवढं विचारा. मिळत नसेल तर दुसरा मिक्सर बघा, मग सूट कितीही असो.