साधी लघुतम वर्ग पद्धत की द्विस्तरीय? निवाडा पहिल्या टप्प्यावर

शिक्षणाचे एक वर्ष वाढल्याने कमाई किती वाढते, हे साध्या लघुतम वर्ग पद्धतीने काढले, तर मूळची हुशारी आणि घरची परिस्थिती यांचा परिणामही शिक्षणाच्या खात्यावर जमा होतो. द्विस्तरीय पद्धत त्यावर तोड काढते: शिक्षणावर परिणाम करणारा, पण कमाईवर केवळ शिक्षणाच्याच वाटेने परिणाम करणारा घटक, म्हणजेच साधनचल, शोधायचा, पहिल्या टप्प्यात त्यावरून शिक्षणाचा अंदाज बांधायचा आणि दुसऱ्या टप्प्यात तो अंदाज कमाईच्या समीकरणात घालायचा.

अर्थतज्ज्ञ अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी 1991 मध्ये अमेरिकेतील पुरुषांसाठी जन्माची तिमाही हे साधनचल निवडले. वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले थोड्या मोठ्या वयात शाळेत जातात आणि त्यामुळे सक्तीच्या शिक्षणाचे वय थोडे कमी शिकूनच ओलांडतात. मात्र शिक्षणातला हा फरक वर्षाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच होता. तिमाहीला जन्मवर्ष आणि राज्य यांच्याशी गुणून साधनचलांची संख्या सुमारे 180 वर नेली, तेव्हा अंदाजाची प्रमाण त्रुटी घटली आणि उत्तर अधिक नेमके दिसू लागले.

गोम इथेच आहे. बाउंड, जेगर आणि बेकर यांनी 1995 मध्ये खऱ्या तिमाहीच्या जागी यादृच्छिक तिमाही घालून तेच गणित केले, आणि शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या आकड्यांनीसुद्धा साध्या पद्धतीच्या जवळपासचे उत्तर, तेही दिलासादायक प्रमाण त्रुटीसह, दिले. साधनचले दुबळी आणि पुष्कळ असली, की पहिला टप्पा नमुन्यातील योगायोगच जुळवून घेतो आणि द्विस्तरीय अंदाज साध्या पद्धतीकडे झुकतो. साधनचलांचा शिक्षणाशी किती घट्ट संबंध आहे हे पहिल्या टप्प्यातील F हा आकडा सांगतो, आणि झुकावाचे प्रमाण ढोबळमानाने त्याच्या व्यस्ताइतके असते. F सुमारे 2 असेल, तर साध्या पद्धतीतील निम्मा दोष तसाच उरतो.

म्हणून निर्णय घेताना दुसऱ्या टप्प्यातील प्रमाण त्रुटीवर विसंबू नये. पहिल्या टप्प्यात केवळ साधनचलांसाठीचा F पाहावा, संपूर्ण समीकरणाचा नव्हे. F 10 च्या वर असावा हा स्टायगर आणि स्टॉक यांचा 1997 चा नियम झुकावापुरता ठीक आहे. पण साधनचल एकच असताना नेहमीची t चाचणी 5 टक्के पातळीवर खरी उतरायची, तर F 104.7 च्या वर हवा, असे 2022 मधील एका शोधनिबंधाने दाखवले. एवढा F नेहमी मिळतोच असे नाही. मिळाला नाही, तर माझ्या मते साधनचल टाकून देण्याऐवजी अँडरसन-रुबिन पद्धतीचे विश्वास मध्यांतर द्यावे, कारण साधनचल वैध असेल, तर त्या मध्यांतराची विश्वासार्हता F वर अवलंबून नसते. साधनचल दुबळे असेल, तर ते मध्यांतर अवाढव्य, प्रसंगी अमर्यादही निघते, आणि तेच प्रामाणिक उत्तर असते.

साधनचल कमाईवर दुसऱ्या वाटेनेही परिणाम करत असेल, तर मात्र F कितीही मोठा असो, तो ते सांगत नाही. अशा वेळी दुबळे साधनचल ती लहानशी गळतीही कित्येक पटींनी वाढवते आणि साधी पद्धतच कमी चुकीची ठरू शकते.