चित्रातले इंग्रजी शब्द काढून तिथेच मराठी बसवणं : सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि मी डीटीपीचं काम करतो, त्यामुळे घरात एक कायमची ऑर्डर असते, भाऊजी हा चार्ट मराठीत करून द्या ना. आधी मी सगळं हाताने करायचो. गेल्या सात महिन्यांत मात्र तीन प्रकारची टूल्स वापरून पाहिली, एक मोबाइलचा कॅमेरा धरला की जागच्या जागी भाषांतर दाखवणारं, दुसरं चित्र वाचून त्यात काय कुठे लिहिलंय ते मजकुरात सांगणारं, आणि तिसरं म्हणजे सरळ बदललेलं चित्रच बनवून देणारं. नावं घेत नाही, दर महिन्याला अपडेट येतात आणि आज लिहिलेलं उद्या खोटं ठरतं. पण प्रकारांमधला फरक काही बदललेला नाही, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

उदाहरण एकच घेतो, जलचक्राचा चार्ट. ए३ छापील, आडवा, आम्ही ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केला, त्यामुळे चित्र साधारण ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. डोंगर, ढग, तळं, झाडं, जमिनीचा काप, आणि एकूण १४ लेबलं. आकाशावर पांढरी अक्षरं, जमिनीवर काळी, आणि नदीच्या वळणावर वळत गेलेलं एक लेबल. दिसायला सोपं काम.

मोबाइलवाल्याचं पटकन उरकतो. ते वाचण्यासाठी आहे, छापण्यासाठी नाही. प्रत्येक शब्दामागे एक ठिगळ लावून वर मराठी टाकतं, घाईत अर्थ कळायला झकास, पण स्क्रीनशॉट मिळतो तो मोबाइलच्या स्क्रीनएवढा, आणि शब्द संदर्भाशिवाय उचललेले. ‘वॉटर टेबल’चं, म्हणजे भूजल पातळीचं, मला चक्क पाण्याचं टेबल मिळालं होतं. वहिनी म्हणाल्या, राहू दे, मुलं हसतील तरी!

दुसरा प्रकार, म्हणजे चित्र वाचून वर्णन देणारा, त्यावर मी सुरुवातीला फार खूश होतो. १४ च्या १४ लेबलं बरोबर वाचली, मराठी प्रतिशब्दही बरेचसे ठीक, आणि वर प्रत्येकाची जागा : वरती उजवीकडे ढगाखाली पांढऱ्या अक्षरात अमुक, खाली डावीकडे खडकाच्या थरात तमुक. वाचताना वाटतं झालंच की काम. मग गिम्प हे चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर उघडून बसलं की कळतं की आपल्या हातात चित्र नाहीये, चित्राबद्दलचं पत्र आहे. ढगाखाली म्हणजे नेमकं किती खाली? तिथे ढगाखाली दोन बाण आहेत, लेबल कुठल्या बाणाचं? मूळ चित्र शेजारी उघडून बघावंच लागतं, आणि एकदा ते बघितलं की वर्णनाचा उपयोग उरतो फक्त शब्दांच्या यादीपुरता.

मग मी म्हटलं आकडे मिळवू, प्रत्येक लेबलाची चौकट पिक्सेलमध्ये. आकडे मिळाले, अगदी ठामपणे मिळाले, पण बसेनात. सगळी अक्षरं वरच्या डाव्या कोपऱ्यात गर्दी करून बसली. कारण कळायला एक संध्याकाळ गेली, असली टूल्स मोठं चित्र आतल्या आत लहान करून वाचतात आणि आकडे त्या लहान चित्राचे असतात. उपाय सोपा आहे, एकमेकांपासून लांबची दोन लेबलं घ्यायची, गिम्पमध्ये त्यांच्यावर कर्सर नेऊन खरी जागा बघायची आणि भागाकार करायचा. माझ्या बाबतीत एका लेबलाचा आडवा आकडा ९४० आला होता, खरा होता ३११० च्या आसपास, म्हणजे सुमारे ३.३ पट. सगळे आकडे ३.३ ने गुणले आणि अक्षरं आपापल्या गल्लीत आली, पण घरात नाही. कारण लहान चित्रातली ३० पिक्सेलची चूक गुणून जवळपास १०० होते, आणि ३०० डीपीआयला १०० पिक्सेल म्हणजे कागदावर साडेआठ मिलिमीटर. बाणाच्या टोकाशी असलेलं लेबल साडेआठ मिलिमीटर सरकलं तर ते शेजारच्या बाणाचं होतं. चार्टमध्ये हीच तर गोम आहे की शब्दाची जागा हाच अर्धा अर्थ असतो.

आणि समजा जागा तंतोतंत मिळाली, तरी शब्दामागे काय आहे हे वर्णनातून कधीच येत नाही. ‘निळ्या आकाशावर पांढरी अक्षरं’ एवढं कळतं, पण ते निळं वर गडद आणि खाली फिकट होत जातं, त्यात छपाईचे बारीक ठिपके आहेत. सपाट निळा रंग भरला तर शर्टाला वेगळ्या कापडाचं ठिगळ लावल्यासारखं लांबूनही दिसतं. इथे मला सापडलेली युक्ती सांगतो. आकाशाचा रंग उभा बदलतो, आडवा नाही, म्हणजे शब्दाच्या शेजारी त्याच उंचीवर जे आकाश आहे ते शब्दामागच्यासारखंच असणार. शब्दाएवढा तुकडा शेजारून कॉपी करायचा, खालीवर न हलवता फक्त आडवा सरकवून शब्दावर ठेवायचा, कडा पाचसहा पिक्सेल मऊ करायच्या. ठिपक्यांसकट बसतं. डोंगराच्या टेक्स्चरवर मात्र हे चालत नाही, तिथे हील टूल घेऊन बसावं लागतं, आणि एक लेबल तर अर्धं बाणावर होतं, तो बाण मी शेवटी नव्यानेच काढला.

आता तिसरा प्रकार, जो बघून सगळ्यात जास्त हुरळून जायला होतं. चित्र टाकलं, मिनिटभरात मराठी चार्ट समोर, आकाश गुळगुळीत, अक्षरं ठळक, वहिनींना व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्यांचा अंगठा आला. मग त्यांनी लॅपटॉपवर मोठा करून बघितला आणि फोन आला, भाऊजी, हे ‘बाष्पीभवन’ नीट बघा. ‘ष्प’ च्या जागी काहीतरी अक्षरासारखं होतं, म्हणजे लांबून जोडाक्षर वाटतं पण जवळून बघितलं तर मराठीत असं अक्षरच नाही. ‘बाष्पोत्सर्जन’ मध्ये तर ‘त्स’ आणि ‘र्ज’ दोन्हींचा पत्ता नाही. ‘भूजल’ छान आलं होतं. साधी अक्षरं येतात आणि जोडाक्षर आलं की घोटाळा होतो, कारण अशी टूल्स फाँट घेऊन टाइप करत नाहीत, ढग आणि झाड काढतात तसंच अक्षरही काढतात.

पण अक्षराची चूक निदान दिसते तरी. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकांची. त्या चार्टात झाडांपासून निघणारा एक बाण गायब होता आणि बाष्पोत्सर्जनाचं लेबल सरकून तळ्याच्या काठावर गेलं होतं. चित्र सुंदरच होतं, विज्ञान चुकलं होतं. हे मी आधी नजरेने पकडलंच नव्हतं. तेव्हापासून एक तपासणी न चुकता करतो : मूळ स्कॅन खालच्या लेयरवर, बदललेलं चित्र त्याच मापाला ताणून वरच्या लेयरवर, आणि वरच्याचा मोड डिफरन्स. जिथे दोन्ही सारखं तिथे काळं, जिथे फरक तिथे उजेड. हाताने केलेल्या चार्टात काळोखात फक्त १४ लेबलांच्या जागा चमकतात. या टूलच्या चित्रात अख्खा डोंगर, ढग, तळं सगळं चमकत होतं, म्हणजे त्याने शब्द बदलले नव्हते, आख्खं चित्र परत काढलं होतं. मापाची गंमत वेगळीच, बाहेर आलेलं चित्र १५३६ बाय १०२४. ए३ ची लांब बाजू साडेसोळा इंच, भागाकार केला तर ९३ डीपीआय. भिंतीवर लांबून चालेल कदाचित, पण बारीक लेबलं फुटतात.

थोडक्यात वर्णनवाल्याला शब्द कळतात पण तो चित्राला हात लावत नाही, आणि चित्रवाला नको तिथेही हात लावून मोकळा होतो. म्हणून सध्या माझी पद्धत अशी की वाचणाऱ्या टूलकडून फक्त क्रमांक घातलेली यादी घ्यायची, मूळ इंग्रजी, मराठी, अक्षराचा रंग, बस. स्कॅनच्या एका कॉपीवर तेच क्रमांक मी स्वतः हाताने टाकतो. मग पुसणं गिम्पमध्ये आणि अक्षरं इंकस्केप या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड फाँटने. वहिनी यादी वाचतात, मी बसवतो. १४ लेबलांचा चार्ट साधारण अडीच तासांत होतो, पूर्वी पूर्ण हाताने चारपाच तास लागायचे. वाचला तो वेळ मुख्यतः टायपिंग आणि प्रतिशब्द शोधण्याचा, पुसण्याचा नाही.

बसवताना देवनागरीच्या दोन गोष्टींनी मला फार छळलं. इंग्रजी लेबलं मोठ्या लिपीत आणि अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर ठेवून होती. हौसेने तेच अंतर मराठीला दिलं आणि शिरोरेघ तुटली, प्रत्येक अक्षर डोक्यावर आपापली काडी घेऊन सुटं उभं. मराठीत अंतर शून्यच ठेवायचं, ठळकपणा हवा तर फाँट जाड घ्यायचा. शिवाय वर रफार वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या चौकटीत नेमकं तेवढ्याच उंचीचं मराठी कोंबलं तर ‘भूजल’चा दीर्घ ऊकार खालच्या रेषेला चिकटतो. चौकट उंचीला थोडी वाढवावीच लागते, आणि त्यासाठी आजूबाजूला जागा आहे का हे पुन्हा चित्र बघूनच ठरतं. दुसरी गोष्ट नदीवरचं वळणदार लेबल. वाकड्या रेषेवर इंग्रजी अक्षरं एकेक करून वळतात ते शोभतं, मराठीत शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी मोडून बोटांच्या पेरांसारखी दिसते. दोन तास खपून शेवटी मी ते लेबल सरळ पण तिरकं ठेवलं. मूळ चार्टसारखं नाही, पण वाचता येतं.

चार्ट लॅमिनेट करून वर्गात लागल्यावर आठवड्याने वहिनी म्हणाल्या की मी ‘संघनन’ लिहिलंय पण भूगोलाच्या पुस्तकात ‘सांद्रीभवन’ आहे, मुलं विचारतात दोन्ही एकच का. पुसलेलं आकाश एका लेयरवर आणि अक्षरं वेगळी ठेवलेली होती, तेवढा एक शब्द बदलून फाइल पाठवली, दोन मिनिटं लागली. लॅमिनेशनचे पैसे मात्र पुन्हा गेले.